अनोळखी माणसाचं मी काय देणं लागतो?

*घराच्या फाटकासमोर फुटपाथचा तुकडा खचला होता. मी स्वतःच त्यावर सिमेंट घातलं आणि ओल्यात कोणी पाय देऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना स्टुलं ठेवून मधे गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधली. संध्याकाळी एक अंध गृहस्थ पांढरी काठी टेकत आले आणि दोरीत अडकून पडले. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. त्यातच समोरच्या इमारतीतल्या एक बाई म्हणतात, आरडाओरडा ऐकून आणि नंतर रक्त बघून त्यांना धक्का बसला, रक्तदाब वाढला, दवाखान्यात राहावं लागलं, तर तो खर्चही मीच द्यावा. दोघांनाही मी ओळखत नाही. डोळस माणसाला दोरी सहज दिसत होती. ज्यांच्याशी माझा कसलाच संबंध नाही, त्यांची काळजी घेणं माझ्यावर बंधनकारक होतं, हे कोर्ट कशावरून ठरवतं?*

दोघांना एकच उत्तर देऊ नका. त्या गृहस्थांच्या बाबतीत कोर्ट बहुधा ‘हो, काळजी घेण्याचं कर्तव्य होतं’ असं म्हणेल आणि बाईंच्या बाबतीत बहुधा ‘नव्हतं’. दोरी एक, अपघात एक, दोघंही तुम्हाला सारखेच अनोळखी, आणि तरी निकाल वेगळे. हे कसं होतं ते कळलं की तुमच्या प्रश्नातलं बरंचसं सुटतं.

पहिली गोष्ट, ‘संबंध नाही’ हा बचाव फार जुना झाला आहे. करार असेल, डॉक्टर-रुग्णासारखं नातं असेल, तरच जबाबदारी, असा विचार एके काळी कोर्टंही करत. स्कॉटलंडमधल्या एका बाईंच्या खटल्याने ते चित्र पालटलं. मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, असं त्यांचं म्हणणं होतं. बाटली त्यांनी विकत घेतलेली नव्हती, त्यामुळे ना दुकानदाराशी करार, ना उत्पादकाशी. तरीही १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की उत्पादकाचं त्यांच्याप्रती कर्तव्य असू शकतं. लॉर्ड ॲटकिन यांनी तेव्हा दिलेली कसोटी आजही वकिलांच्या तोंडी असते. तिचा आशय असा: माझ्या कृतीची झळ ज्यांना इतकी थेट बसणार आहे, की ती कृती करताना ते माझ्या डोळ्यांसमोर असायलाच हवेत, ते कायद्याच्या दृष्टीने माझे शेजारी. ओळख असो वा नसो.

भारतात नुकसानभरपाईच्या या कायद्याची एकत्र संहिता नाही. तो निकालांमधूनच घडत आला आहे, आणि हे इंग्लिश निकाल आपल्याकडच्या कोर्टांत बंधनकारक नसले तरी सर्रास वाचले जातात. म्हणून तुमच्या प्रकरणातही युक्तिवाद याच वळणाने जाईल.

आता कोर्ट नेमकं काय करतं? अनेकांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वकिलांनाही, असं वाटतं की प्रत्येक वेळी न्यायाधीश तीन चौकटींचा तक्ता काढतात: नुकसानीचा अंदाज येण्याजोगा होता का, दोघांत पुरेशी जवळीक होती का, आणि जबाबदारी लादणं न्याय्य व वाजवी ठरेल का. हा तक्ता १९९०च्या एका निकालातून आला. तो खटला हिशेब तपासनिसांवर विसंबून शेअर घेणाऱ्या गुंतवणूकदारांचा होता, पडलेल्या-झडलेल्या माणसांचा नव्हता. पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की हा तक्ता दर खटल्यात मांडायचा नसतो. त्या प्रकरणात पोलीस भर रस्त्यात एका संशयिताला पकडायला गेले, झटापट झाली आणि बाजूने चाललेल्या एका वृद्ध बाई तिच्यात सापडून खाली पडल्या. खालच्या कोर्टांनी पोलिसांना सोडलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने मात्र बाईंच्या बाजूने कौल दिला. कारण साधं होतं. स्वतःच्या कृतीने दुसऱ्याच्या शरीराला इजा करू नये, हे कर्तव्य केव्हाच प्रस्थापित झालेलं आहे. वाहन चालवणारा आणि पादचारी, रस्ता खणणारा आणि त्यावरून जाणारा, यांच्यासाठी नव्याने तत्त्वज्ञान मांडावं लागत नाही. तीन चौकटींची गरज भासते ती खरोखर नव्या प्रकारच्या प्रकरणात.

तुमचं प्रकरण नवं नाही. सार्वजनिक वाटेवर तुम्ही एक वस्तू ठेवली आणि वाटेने जाणारा माणूस तिच्यामुळे पडला. त्यामुळे ‘पादचाऱ्यांप्रती माझं कर्तव्य होतं का’ यावर वाद घालण्यात तुमच्या वकिलाने वेळ घालवू नये. खरा वाद त्याच्या पुढच्या पायरीवर आहे: ज्या पादचाऱ्यांचा विचार करायचा, त्यांत अंध माणूस येतो का? ‘डोळस माणसाला दिसत होतं’ हे तुमचं वाक्य नेमकं इथे येऊन आदळतं.

याचं उत्तर जवळजवळ तुमच्याच परिस्थितीत दिलं गेलं आहे. १९५६ साली लंडनमध्ये वीजमंडळाच्या कामगारांनी फुटपाथवर चर खणला होता. चराच्या एका टोकाकडून कोणी आत जाऊ नये म्हणून त्यांनी माती ठोकायचा लांब दांड्याचा धुम्मस तिथे आडवा ठेवला. त्याचं वजनदार टोक जमिनीवर आणि दांडा बाजूच्या कठड्यावर, साधारण दोन फूट उंचीवर टेकवलेला. म्हणजे वाटेत एक तिरका दांडा झाला. रोजच्या वाटेने एकटे कामाला निघालेले एक अंध गृहस्थ काठीने अंदाज घेत आले. काठी दांड्याला लागलीच नाही, पाय मात्र लागला. ते पडले, डोक्याला मार बसला आणि त्यांची श्रवणशक्ती जवळपास गेली.

पहिल्या कोर्टात ते हरले, अपिलातही हरले. दोन्हीकडचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: डोळस माणसासाठी ही खूण पुरेशी होती आणि तेवढी काळजी घेतली की झालं. १९६४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फिरवलं. त्यांची विचारपद्धत बघण्यासारखी आहे, कारण तुमच्या प्रकरणात न्यायाधीश तीच वापरतील.

त्यांनी असं विचारलं नाही की ‘हे विशिष्ट गृहस्थ त्या दिवशी येतील हे कामगारांना ठाऊक होतं का’. तसं विचारलं असतं तर कोणताच अनोळखी माणूस कधी खटला जिंकू शकला नसता. प्रश्न होता तो माणसांच्या वर्गाचा: शहरातल्या फुटपाथवरून एकटा चालणारा अंध माणूस ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे का, की सामान्य समजुतीच्या माणसाच्या ती मनात येऊ नये? लोकसंख्येत साधारण पाचशेत एक माणूस अंध असल्याचा पुरावा कोर्टापुढे होता. न्यायाधीशांनी स्वतःचा रोजचा अनुभवही जमेस धरला: काठी घेऊन एकटी फिरणारी माणसं आपल्याला रस्त्यावर दिसतात. मग ती विचारात घ्यायलाच हवीत.

यानंतर त्यांनी उलट बाजूही तपासली. अंध माणसाचा विचार करायचा म्हणजे अशक्य काहीतरी करायचं का? तसं नव्हतं. टपाल खात्याचे कामगार अशा ठिकाणी हलकं, दोन फूट उंचीचं कुंपण लावत आणि काठी त्याला लगेच लागे, असा पुरावा आला होता. खर्च किरकोळ, उपाय माहितीतला. इथे एक मर्यादाही ध्यानात ठेवा. लॉर्ड रीड यांनी बजावलं की अंध माणसानेही स्वतःची वाजवी काळजी घ्यायची असते. फुटपाथवर कधी काही नसेलच, अशी हमी त्याला कोणी देत नाही. हमी आहे ती एवढीच, की काळजीपूर्वक काठी वापरणाऱ्याला कळेल अशा पद्धतीने अडथळा ठेवला जाईल.

आता तुमची दोरी जवळून बघू. पांढऱ्या काठीचं टोक जमिनीलगत फिरतं. जमिनीवर ठेवलेली फळी, वीट, पेटी तिला लागते, पायरीची कड लागते. गुडघ्याच्या उंचीवर ताणलेल्या दोरीखाली मात्र जमीन मोकळी असते. काठी दोरीखालून सरळ पलीकडे जाते आणि ‘वाट मोकळी आहे’ असंच सांगते. त्या भरवशावर माणूस पाऊल टाकतो आणि त्याला पहिला अडथळा कळतो तो नडगीला. दोन स्टुलांत अंतर जास्त असेल, तर काठी स्टुलालाही लागत नाही. म्हणजे ज्याला दिसतं त्याच्यासाठी तुम्ही खूण केली, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी नकळत सापळा लावला. स्टुलांच्या मधे जमिनीला टेकेल अशी एक फळी आडवी ठेवली असती, तर काठी तिला लागली असती. कोर्टाला हे सुचायला वेळ लागणार नाही.

त्यामुळे ‘अंध माणूस येईल असं मला कसं कळणार’ हे वाक्य नोटिशीच्या उत्तरात लिहू नका. त्या वाक्याने तुम्ही स्वतःच कबूल करता की अशा माणसांचा विचार तुमच्या मनात आला नव्हता, आणि तो यायला हवा होता हाच तर समोरच्यांचा मुद्दा आहे.

पण कर्तव्य होतं म्हणजे तुम्ही हरलात, असा अर्थ नाही. लोक इथेच सर्वांत जास्त गल्लत करतात. कर्तव्य हे फक्त दार आहे. त्यातून आत आल्यावर वादीला दाखवावं लागतं की तुम्ही त्या परिस्थितीत वाजवी काळजी घेतली नाही आणि इजा त्यामुळेच झाली. तुमची खरी लढाई इथे आहे. दोरी नेमकी किती उंचीवर होती, ती ताणलेली होती की मधे झोळ पडून खाली आली होती, स्टुलांमधलं अंतर किती होतं, बाजूने जायला किती जागा उरली होती, तुम्ही किंवा घरातलं कोणी तिथे उभं राहून लोकांना सांगत होतं का, या सगळ्याला वजन आहे. फुटपाथ सार्वजनिक असताना दुरुस्ती तुम्ही कोणाला विचारून केली, हा प्रश्नही येणार. परवानगी नसणं एवढ्यानेच निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, पण त्याने तुमची बाजू नक्कीच अवघड होते. दुसरीकडे, ते गृहस्थ काठी न टेकवता, फोनवर बोलत चालले होते असं साक्षीपुराव्यातून निघालं, तर भरपाईतला काही वाटा त्यांच्याकडेही जाऊ शकतो.

तेव्हा आज करायची कामं म्हणजे मोजमाप आणि फोटो. स्टुलं, दोरी टाकून देऊ नका, धुऊनपुसूनही ठेवू नका. त्या दिवशी जे होतं ते जसंच्या तसं लिहून काढा, वकिलाला द्या, आणि उत्तर त्यांच्याकडूनच जाऊ द्या. घराचा विमा असेल तर त्यात त्रयस्थाच्या इजेची जबाबदारी धरलेली आहे का ते पाहा. असल्यास कंपनीला लगेच कळवा, उशिरा कळवल्यावर कंपन्या हात वर करतात.

अडथळा तुम्ही निर्माण केलात, याला इतकं महत्त्व का, हेही सांगतो. समजा, फुटपाथ नुसताच खचलेला होता, तुम्हाला तो रोज दिसत होता आणि तुम्ही काहीच केलं नाही. त्यात कोणी पडलं असतं तर तुमच्यावर कर्तव्य येणं फार कठीण होतं. दुसऱ्याच्या संकटात धावून जाण्याची सक्ती हा कायदा सहसा करत नाही. सार्वजनिक संस्थांनाही कोर्टं सरसकट यात ओढत नाहीत. राजकोटमध्ये चालत ऑफिसला निघालेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड अचानक कोसळून तो दगावला. खालच्या कोर्टांनी महानगरपालिकेला भरपाई द्यायला लावली होती, पण १९९७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल रद्द केले आणि या परिस्थितीत पालिकेचं तसं कर्तव्य मानलं नाही. माझ्या मते तो निकाल मृताच्या घरच्यांसाठी कठोर आहे. पण भेद कळायला उपयोगी आहे: एकीकडे आपोआप पडलेलं झाड, दुसरीकडे कोणीतरी हाताने बांधलेली दोरी. चांगल्या हेतूने का होईना, तुम्ही हात घातलात आणि त्या क्षणापासून वाटेवरचा धोका तुमच्या नावावर लागला. हे अन्यायाचं वाटतं हे मला कळतं. पण पडणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हेतूने त्याचं मनगट काही वाचत नाही.

आता समोरच्या बाई. इथे लोक म्हणतात, अपघात तर एकच, मग एकाप्रती चूक ती सगळ्यांप्रती चूक. कोर्ट असं धरत नाही. कर्तव्य हवेत तरंगत नसतं, ते कोणा एकाप्रती असतं, आणि दावा करणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्यापुरतं दाखवावं लागतं. दुसऱ्याप्रती झालेल्या चुकीच्या खांद्यावर बसून येता येत नाही.

एडिनबरामध्ये १९३८ साली एक मोटारसायकलस्वार भरधाव जाऊन मोटारीवर आदळला आणि मेला. साधारण पंचेचाळीस-पन्नास फुटांवर, ट्रामच्या आडोशाला, मासळी विकणाऱ्या एक गरोदर बाई आपली टोपली उतरवून घेत होत्या. त्यांनी टक्कर पाहिली नाही, फक्त आवाज ऐकला. मृतदेह हलवल्यावर रस्त्यावरचं रक्त पाहिलं. त्यांना जबर धक्का बसला आणि पुढे मूल मृत जन्माला आलं. त्यांचं दुःख खोटं आहे असं कोणी म्हटलं नाही. तरी १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला. तो स्वार ज्या मोटारीवर आदळला तिच्या चालकाप्रती त्याचं कर्तव्य होतं आणि ते त्याने मोडलं. पण या बाई त्याच्या धोक्याच्या पट्ट्यात नव्हत्याच. आडोशाला, सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या आवाजाने अशी इजा होईल, हे वाजवी चालकाच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

तुमच्या दोरीच्या धोक्याचा पट्टा त्याहूनही लहान आहे. दोरीने पाय अडकून माणूस पडू शकतो, म्हणजे जो फुटपाथवरून येईल तोच धोक्यात. समोरच्या इमारतीत असलेल्या माणसापर्यंत ती पोचत नाही. बाईंचा रक्तदाब खरोखर वाढला असेल आणि दवाखान्याची कागदपत्रंही खरी असतील. पण ‘इजा झाली’ आणि ‘ती इजा टाळण्याचं कर्तव्य माझ्याप्रती होतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं सिद्ध झालं म्हणून दुसरं होत नाही.

कोर्टांनी ही रेषा इतकी कडक का आखली, याचं एक व्यवहारी कारण आहे. शारीरिक इजा धोक्याच्या जागेपाशीच होते, त्यामुळे दावेदारांना आपोआप मर्यादा पडते. धक्का मात्र बघणाऱ्या-ऐकणाऱ्या कोणालाही बसू शकतो. एका क्षणाच्या चुकीसाठी अख्ख्या गल्लीला भरपाई द्यावी लागली, तर शिक्षा चुकीच्या मानाने कुठल्या कुठे जाईल. म्हणून दुसऱ्याची इजा पाहून धक्का बसलेल्यांचे दावे कोर्टं पूर्ण बंद करत नाहीत, पण वाट अरुंद ठेवतात. जखमी माणसाशी प्रेमाचं, जवळचं नातं हवं, घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर तिथे हजर असायला हवं, आणि जे घडलं ते स्वतःच्या डोळ्या-कानांनी अनुभवलेलं हवं. नुसत्या हळहळीला भरपाई मिळत नाही, डॉक्टरांनी निदान केलेला आजार लागतो.

म्हणून बाईंना उत्तर देण्याआधी एक गोष्ट शांतपणे विचारून घ्या: त्या गृहस्थांच्या त्या कोण लागतात? कोणीच नसतील, तर वकिलाकडून जबाबदारी नाकारणारं थोडक्यात, सभ्य पत्र जाऊ द्या. ते पत्र गृहस्थांच्या उत्तरापेक्षा वेगळं असावं, एका पत्रातली कबुली दुसऱ्यात वापरली जायला नको. आपुलकीने भेटायला जायचं असेल तर जरूर जा, पण ‘तुमचा खर्च मी बघतो’ असं बोलून येऊ नका. मात्र त्या त्यांच्या पत्नी किंवा आई असल्या, आवाज ऐकून खिडकीशी आल्या आणि आपलाच माणूस रक्ताळलेला पडलेला त्यांनी पाहिला असला, तर मी वर लिहिलेला नकार तसाच पाठवू नका. त्या परिस्थितीत त्यांचा दावा एडिनबराच्या खटल्यासारखा राहत नाही, आणि वकिलाला तो नव्याने तपासावा लागेल.